रेसिपी बदलून देणारा प्रॉम्प्ट: आधी जिन्नस उकलायला लावा, पर्याय नंतर मागा

प्रश्न: मुलाला (वय ७) शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आता नणंद आमच्याकडे राहायला आलीये, तिला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. चॅटबॉटला रोज लिहिते, शेंगदाणे नको, गहू नको, घरात हे हे आहे, काहीतरी सुचव. बऱ्याचदा बरोबर देतो पण परवा भाजणीचं थालीपीठ दिलं आणि खाली लिहिलं ग्लुटेन फ्री. नशीब नणंदेने वेळेत बघितलं. असा प्रॉम्प्ट कसा लिहायचा की हे परत होणार नाही?

उत्तर:

ताई, नणंदेने बघितलं हे फार बरं झालं. मी आधी अकरा वर्षं ऑर्डरचं जेवण करून द्यायचे आणि आता तीन वर्षं एका रेसिपी ॲपसाठी प्रॉम्प्ट लिहायचं आणि तपासायचं काम करतेय, आणि ही भाजणीची चूक मी इतक्या वेळा पाहिलीये की नवीन प्रॉम्प्ट तपासायला घेतला की पहिला प्रश्न मी थालीपिठाचाच टाकते.

ती चूक होते कशी ते आधी सांगते, कारण ते कळलं की प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं ते आपोआप कळतं. तुम्ही लिहिता "गहू नको". चॅटबॉटमागचं मॉडेल रेसिपी तयार करतं आणि मग जिन्नसांच्या यादीत गहू, कणीक, मैदा असं काही दिसतंय का एवढंच बघितल्यासारखं करतं. यादीत लिहिलेलं असतं "भाजणी २ वाट्या". भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी असं त्याच्या डोक्यात बसलंय, शिवाय इंटरनेटवर थालीपिठाला हेल्दी मिलेट वगैरे म्हणणारं भरपूर लिखाण आहे, म्हणून ते बिनधास्त ग्लुटेन फ्री लिहून मोकळं होतं. पण आपल्याकडे बहुतेक घरांत भाजणीत मूठभर का होईना गहू असतोच. मेतकुटाचं तेच, त्यातही डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घालतात. म्हणजे त्याने नियम मोडला असंही नाही, त्याने डबा उघडून आत काय आहे ते बघितलंच नाही. त्यामुळे "नीट तपास", "खूप काळजी घे", "ही जिवाची गोष्ट आहे" असं कितीही कळकळीने लिहिलं तरी फारसा फरक पडत नाही, मी सगळं करून बघितलंय. फरक पडतो तो डबा उघडायची पायरी वेगळी लिहून दिली की.

म्हणून प्रॉम्प्टचा कणा हा असा ठेवा: आधी प्रत्येक जिन्नस उकलायचा, मग माणसागणिक तपासायचा, मग पर्याय द्यायचा, आणि शेवटी तो पर्याय परत सगळ्यांसाठी तपासायचा. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात आणि तुमच्या घरात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तुमच्याकडे दोन वेगळी पथ्यं एका ताटात आहेत. भरल्या वांग्यातलं दाण्याचं कूट काढायला सांगितलं तर रस दाट व्हायला ते कधीकधी थोडी भाजलेली कणीक सुचवतं. मुलाचं भागलं, नणंदेची पंचाईत. उलटं, गव्हाचे लाडू बदलून मागितले तर पहिला पर्याय येतो दाण्याच्या लाडवाचा. एकाचा पर्याय दुसऱ्याचं विष.

आता एकेक तुकडा.

पहिला तुकडा माणसांचा. "शेंगदाणे नको, गहू नको" हे एकत्र लिहू नका, माणूस वेगळा करा आणि बंदी किती कडक आहे ते प्रत्येकापुढे लिहा. कारण "नको" या एका शब्दात मुलाची ॲलर्जी पण येते आणि कुणाला कारलं आवडत नाही ते पण येतं, आणि मॉडेल दोन्हीला सारखंच वागवतं, कधी दोन्ही कडक, कधी दोन्ही ढिले.

```
घरातली माणसं
अ) मुलगा, ७ वर्षं. शेंगदाणा पूर्ण बंद, अंशही नाही (ॲलर्जी).
   तीळ, काजू, बदाम, डाळी: खातो, त्रास नाही.
आ) आत्या. ग्लुटेन पूर्ण बंद, अंशही नाही (सिलिॲक).
   दूध, डाळी: चालतात.
इ) बाकीचे. कारलं नको (फक्त आवड, गरज पडली तर चालेल).
"अंशही नाही" म्हणजे कमी प्रमाणात, चवीपुरतं, वरून
भुरभुरवायला, काढून टाकता येईल असं, यातलं काहीही नाही.
```

"त्रास नाही" ही ओळ मुद्दाम घातलीये. ती नसेल तर मॉडेल एकतर शेंगदाण्याबरोबर सगळा सुकामेवा आणि सगळ्या डाळी बंद करून टाकतं आणि मग सुचवायला काही उरत नाही, नाहीतर बिनदिक्कत तिळाचं कूट सुचवतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना तीळ किंवा सुकामेवाही चालत नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला काय चालतं हे तुमच्या डॉक्टरांकडून विचारून तुम्ही स्वतः भरायचं, वरची ओळ नमुना म्हणून आहे, तशीच उचलू नका.

आणखी एक. दोघांचं दुखणं वेगळ्या जातीचं आहे. शेंगदाण्याचा त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोनेक तासांत समोर दिसतो. सिलिॲकमध्ये आतड्याला इजा होते आणि कधीकधी वरून काहीच कळत नाही. म्हणून "मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही" हा पुरावा नणंदेसाठी धरायचा नाही, आणि तुम्ही गप्पांच्या ओघात असं काही लिहिलंत तर मॉडेल ते धरून ढिलं पडू शकतं. तसं लिहूच नका.

दुसरा तुकडा नावांचा, आणि माझ्या मते मराठी घरासाठी सगळा जीव यात आहे. ही मॉडेल्स बरंचसं इंग्रजी वाचून शिकलेली आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरातली नावं त्यांच्यासाठी निसरडी आहेत. गोडेतेल म्हणजे आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल, पण ते त्याचा अर्थ नुसतं गोड चवीचं किंवा साधं खायचं तेल असा लावू शकतं. "दाणे" म्हटलं की आपल्याला शेंगदाणे कळतात, त्याला मेथीदाणे, मटारचे दाणे, काहीही वाटू शकतं. सातूचं तर विचारूच नका. बिहारचं सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात ग्लुटेन नाही, आणि नेटवर सत्तूबद्दल जे काही लिहिलेलं आहे ते बहुतेक त्याचंच. आपल्याकडे सातू म्हणजे जव, आणि आपलं सातूचं पीठ हे गहू आणि डाळं भाजून दळलेलं असतं, काही जणी त्यात जव घालतात. दोन्हींत ग्लुटेन. नाव जवळजवळ एक, वस्तू पूर्ण वेगळी. उलट्या बाजूने कुट्टूच्या इंग्रजी नावात गहू आहे म्हणून ते कधीकधी कुट्टूला घाबरतं, खरं तर कुट्टूचा गव्हाशी संबंध नाही. आणि खपली गहू. हा पचायला हलका म्हणून इतका खपवला जातोय की मॉडेलही तो सिलिॲकवाल्यांना चालेल असं लिहून जातं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, नणंदेला अजिबात नाही.

म्हणून एक छोटा कोश प्रॉम्प्टमध्येच द्या:

```
शेंगदाणा म्हणजे: दाणे, कूट, भुईमूग, शेंगा, गोडेतेल,
घाण्याचं शेंगतेल, शेंगदाणा चिक्की.
असू शकतो: चिवडा, तयार चटण्या, उपासाचे पदार्थ, फरसाण.
ग्लुटेन म्हणजे: गहू, खपली, कणीक, मैदा, रवा, दलिया,
लापशी, शेवया, गव्हाची कुरडई, जव, सातू, सातूचं पीठ.
असू शकतं: भाजणी, मेतकूट, डबीतलं हिंग, सोया सॉस, ओट्स,
गिरणीतून दळलेलं कुठलंही पीठ, तयार मसाले.
ग्लुटेन नाही: ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर, राजगिरा,
शिंगाडा, साबुदाणा, कुट्टू, तांदूळ (अख्खे, निवडलेले).
```

हिंगाचं खूप जणांना माहीत नसतं. बाजारात डबीत मिळतं ते बांधणी हिंग, म्हणजे मूळ हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. डबीच्या मागे लिहिलेलं असतं, बघून घ्या, आणि जी डबी तुमच्याकडे आहे तिचं काय ते प्रॉम्प्टमध्ये एका ओळीत लिहून ठेवा म्हणजे रोज तोच प्रश्न येणार नाही.

शेंगतेलाबद्दल एक खुलासा, कारण तुम्हाला कुणीतरी सांगेलच की रिफाइंड चालतं. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, अमेरिकेच्या ॲलर्जी लेबलच्या कायद्यातही अशा तेलांना सूट आहे. घाण्याच्या तेलात मात्र प्रथिनं राहतात आणि ते धोक्याचं. पण हा फरक मॉडेलवर सोडू नका. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नसेल तर प्रॉम्प्टमध्ये सगळंच शेंगतेल बंद ठेवा.

तिसरा तुकडा म्हणजे काम करायची पद्धत:

```
पदार्थ सुचवताना या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरी लिहून दाखव.
१. उकल: प्रत्येक जिन्नस आत कशाकशाचा बनलाय ते लिही.
२. तपास: प्रत्येक जिन्नसापुढे अ आणि आ साठी वेगळा शेरा:
   "नाही चालत" / "लेबल बघा" / "अडचण दिसत नाही".
   खात्री नसेल तर "लेबल बघा". अंदाज करू नको.
   "सुरक्षित" हा शब्द वापरू नको.
३. काम: जो जिन्नस काढला तो पदार्थात काय करत होता ते लिही.
४. पर्याय: तेच काम करणारा, आणि फक्त घरात आहे त्यातलाच.
५. फेरतपास: पर्यायाची पायरी १ आणि २ परत कर, दोघांसाठी.
६. मगच कृती. कृतीत वर न तपासलेला जिन्नस येता कामा नये.
यादीत नसलेलं काहीही (तेल, मसाला, हिंगसुद्धा) धरून चालू नको, विचार.
```

यातला मधला शेरा, "लेबल बघा", हा या सगळ्याचा प्राण आहे. नुसतं चालतं किंवा चालत नाही एवढे दोनच पर्याय दिलेत तर ज्याची खात्री नाही ती वस्तू कुठेतरी ढकलावीच लागते आणि बहुतेक वेळा ती "चालतं"कडे ढकलली जाते, कारण तुम्ही रेसिपी मागितलेली असते आणि त्याला रेसिपी द्यायची असते. तिसरी जागा करून दिली की खरी माहिती बाहेर येते. "सुरक्षित" हा शब्द बंद करायचं कारणही हेच. तुमच्या डबीवर काय छापलंय, गिरणीवाल्याने आधी काय दळलं, यातलं काहीच त्याला दिसत नाही, त्यामुळे तो शब्द द्यायचा त्याला अधिकारच नाही, आणि आपण घाईत असलो की तो एकच शब्द वाचून पुढे जातो.

"कृतीत न तपासलेला जिन्नस येता कामा नये" हे का, तर यादी अगदी स्वच्छ असते आणि खाली सहाव्या ओळीत येतं "वरून दाण्याचं कूट भुरभुरावं". हे मी पुष्कळदा पाहिलंय, विशेषतः कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या पदार्थात. कृती लिहिताना सवयीची वाक्यं येतात आणि त्याच्यासोबत सवयीचे जिन्नस येतात. म्हणून तुम्हीही वाचताना यादीपेक्षा कृती जास्त लक्ष देऊन वाचा.

आता तुमचंच थालीपीठ घेऊन दाखवते. समजा घरात भाजणी, गिरणीतून आणलेलं ज्वारीचं पीठ, अख्खी भगर, चणाडाळ, बटाटे, कांदा, कोथिंबीर, मिरची, जिरं, मीठ, हिंगाची डबी आणि सूर्यफूल तेल आहे, आणि हवंय दोघांना चालेल असं थालीपीठ.

उकल केली की भाजणीपुढे येतं ज्वारी, बाजरी, तांदूळ, चणाडाळ, उडीद, गहू, धणे, जिरं. गहू दिसला, आत्याला नाही चालत, विषय संपला. पुढे ज्वारीचं पीठ. ज्वारीत ग्लुटेन नाही पण गिरणीतून आलंय, म्हणजे जात्याच्या दगडांत आणि तोंडाशी आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ राहिलेलं असणार. गिरणीत आपलं दळण आधीच्या दळणावर घालतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, मूठभर पीठ तरी मिसळतंच. ग्लुटेन फ्री म्हणायची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे किती कमी ते बघा, किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी त्याच्या कितीतरी पट होतं. तर तेही आत्यासाठी बाद. हिंगाला "लेबल बघा". मुलासाठी या यादीत शेंगदाणा कुठे दिसत नाही. भाजणी विकतची असेल तर मात्र त्याच्यासाठीही "लेबल बघा" यायला हवं, कारण ज्या घरगुती उद्योगात भाजणी दळतात तिथेच बऱ्याचदा दाण्याच्या चटणीचंही काम चालतं.

मग "काम". गहू आणि उडीद थालीपीठ बांधून ठेवतात, बाकी धान्यं खमंगपणा देतात. ही ओळ लिहायला लावली नाही तर मॉडेल सरळ भाजणीच्या जागी भगरीचं पीठ तेवढ्याच मापाने टाकतं, आणि ते थालीपीठ थापताना भेगाळतं, उलटताना मोडतं, आणि मग वैतागून माणूस परत भाजणीकडे वळतो. पदार्थ जमला नाही तर पथ्यही टिकत नाही हे मी ऑर्डरच्या दिवसांत शिकले. बांधायचं काम यादीतलं काय करेल, तर उकडलेला बटाटा, आणि गरम पाणी, कारण गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, ज्वारीच्या भाकरीला आपण उकळतं पाणी घालतो ते त्यासाठीच. खमंगपणा डाळ भाजून आणता येतो.

तर शेवटी जे यायला हवं ते असं: पाऊण वाटी भगर आणि पाव वाटी चणाडाळ निवडून, वेगवेगळी कोरडी भाजून, गार करून घरच्या मिक्सरवर बारीक दळायची आणि चाळून घ्यायची. त्यात एक मध्यम उकडलेला बटाटा किसून, एक बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, आणि लागेल तसं कढत पाणी घालून मळायचं, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे पीठ पाणी पिऊन मऊ होतं. ओल्या फडक्यावर थापायचं, नेहमीपेक्षा जरा जाड, मधे भोक, तव्यावर तेल सोडून मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, कडा सुटल्याशिवाय उलटायचं नाही. हिंग नाही. मी हे स्वतः करते, उडदाच्या भाजणीइतकं लवचिक होत नाही पण मोडत नाही आणि चवीला खरंच छान लागतं.

फेरतपासात दोन गोष्टी वर यायला हव्यात: मिक्सरचं भांडं आणि तवा. त्या भांड्यात कधी दाण्याचं कूट केलं असेल, किंवा त्या तव्यावर आज पोळ्या झाल्या असतील, तर जिन्नस कितीही निवडले तरी उपयोग नाही. मॉडेलला तुमचा ओटा दिसत नाही म्हणून भांड्यांची एक ओळ प्रॉम्प्टमध्ये घाला, काय वेगळं आहे आणि काय सामायिक ते सांगणारी. माझा सल्ला असा की नणंदेसाठी तवा, चाळणी आणि पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, लाकडी पोळपाटाच्या चिरांतलं पीठ धुऊन निघत नाही. आणि ज्या दिवशी घरात पोळ्याही आहेत त्या दिवशी नणंदेचं आधी करून झाकून ठेवायचं, परातीत कणीक नंतर.

लेबलबद्दल एक मुद्दा, तुमच्याच नाही तर हे वाचणाऱ्या इतरांच्याही कामाचा. २०२० च्या आपल्या लेबलिंगच्या नियमांत जे ॲलर्जीचे पदार्थ वेगळे जाहीर करायला लागतात त्यात ग्लुटेनची धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. अमेरिकेत तीळ २०२३ पासून यादीत आला, मोहरी तिथे अजून नाही, युरोपच्या यादीत मात्र दोन्ही आहेत. मॉडेलच्या मनात बहुतेक अमेरिकेची यादी पक्की असते. म्हणजे ज्यांच्या घरात मोहरीची ॲलर्जी आहे, आणि आपल्याकडे तर फोडणी म्हणजेच मोहरी, त्यांना ते आपणहून सावध करेलच असं नाही, आणि आपल्या पाकिटावरही तो ठळक इशारा नसेल. अशांनी पूर्ण घटकयादी वाचायची, गोडा मसाल्यातला तीळ तिथेच सापडतो. लेबलचा फोटो टाकायचा असेल तर टाका पण बारीक अक्षरात ते चुकीचं वाचतं, शक्यतो घटकयादी स्वतः टाइप करून द्या.

हा प्रॉम्प्ट ठेवायचा कुठे, तर रोजच्या चॅटमध्ये पहिला मेसेज म्हणून नको. लांबलेल्या चॅटमध्ये सुरुवातीचं हळूहळू पुसट होतं, विसाव्या मेसेजला आपण "गोडाचं काहीतरी सांग" म्हणतो आणि दाण्याची चिक्की येते. कायमच्या सूचनांची जी जागा असते सेटिंगमध्ये तिथे ठेवा, आणि त्यात एक ओळ घाला की प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला कोणाला काय बंद आहे ते एका वाक्यात लिहायचं. ती ओळ आली नाही किंवा अर्धवट आली की समजायचं सूत्र हातातून सुटलंय, ते चॅट तिथेच बंद करून नवीन उघडायचं.

आणि तयार झालेल्या रेसिपीची तपासणी नव्या चॅटमध्ये करा. ज्या चॅटने रेसिपी दिली तिथेच "नक्की ना?" विचारलं तर बहुतेक वेळा ते आपलंच म्हणणं उचलून धरतं, नाहीतर तुमचा सूर बघून उगाच माघार घेतं, दोन्हीचा उपयोग नाही. नव्या चॅटमध्ये रेसिपी कुठून आली ते न सांगता फक्त एवढं:

```
खालच्या रेसिपीत शेंगदाणा किंवा ग्लुटेन कुठल्या मार्गाने
येऊ शकतं ते शोध. जिन्नस, जिन्नसाच्या आतले घटक, कृतीतली
वाक्यं, भांडी, सगळं बघ. रेसिपी सुधारू नको, फक्त मार्ग लिही.
```

"सुधारू नको" महत्त्वाचं आहे, नाहीतर शोधायचं सोडून ते नवीन रेसिपी द्यायला लागतं.

प्रॉम्प्ट चालतोय का हे कसं ओळखायचं? रोजच्या वापरात कळत नाही, कारण सोपे पदार्थ विचारून कुठलाच प्रॉम्प्ट सहसा चुकत नाही. सापळ्याचे प्रश्न ठरवून ठेवा आणि प्रॉम्प्टमध्ये एक शब्द जरी बदललात तरी सगळे परत विचारा. माझे ठरलेले असे आहेत: भाजणीचं थालीपीठ, मेतकूट-भात, सातूच्या पिठाचं काहीतरी, खपलीची खीर, गोडेतेलातली भाजी, कूट नसलेली साबुदाणा खिचडी, आणि हिंगाची फोडणी दिलेलं वरण. यात दोन उलटे प्रश्नही टाकते, राजगिऱ्याची पुरी आणि कुट्टूचं धिरडं, घरी निवडून दळलेल्या पिठाचं, जे नणंदेला बंद व्हायला नको. कारण प्रॉम्प्ट जास्त घाबरट झाला तर तोही बिघाडच आहे. सगळ्यांपुढे "लेबल बघा" यायला लागलं, कांद्यापुढे, पाण्यापुढे पण, तर चार दिवसांत माणूस तो शेरा वाचणंच सोडून देतो आणि मग हिंगापुढचा खरा शेराही नजरेतून सुटतो. तसं झालं तर ताज्या, अख्ख्या, धुतलेल्या भाज्या-फळांना शेरा नको असं लिहून द्या. याच्या उलट दहा रेसिपींत एकदाही "लेबल बघा" आलं नाही तर ते नक्की अंदाज करतंय, दुसरी पायरी गाळली जातेय.

शेवटची ओळ प्रॉम्प्टमध्ये ही हवीच: कुणी ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगावर गांधी, श्वासाला त्रास, घोगरा आवाज, सारख्या उलट्या, गळून जाणं असं काही लिहिलं तर रेसिपी थांबवून फक्त एवढंच सांगायचं की डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन घरी ठेवायला दिलेलं असेल तर ते लगेच द्या, १०८ ला फोन करा, हॉस्पिटलला न्या. घरगुती उपाय, आल्याचा रस, ताक, काहीही सुचवायचं नाही. आणि तसं काही झालं तर तुम्ही चॅट उघडत बसू नका, सरळ निघा. ही ओळ लिहिते ती घरातलं दुसरं कुणी, आजी किंवा मुलाला सांभाळायला येणाऱ्या बाई, फोनवर विचारत बसल्या तर त्यांच्यासाठी.

तुमच्याकडची हिंगाची डबी आणि वापरातले दोन-तीन मसाले, त्यांची घटकयादी इथे टाइप करून टाकलीत तर तुमच्या कोशात कुठली ओळ वाढवायची ते मी बघून सांगते.